पराटीचे अडथळे

आमच्या शाळेत सरावाचे प्लॅस्टिकचे कोन होते, पण ते गोणीत होते. क्रीडा साहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळीखाली, तोंड बांधलेल्या गोणीत. मी रुजू झाले त्या आठवड्यात गोणी सोडली, तर केशरी रंग अजून चकाकत होता. एकाही कोनाला माती लागलेली नव्हती. मला वाईट वाटलं नाही. उलट आनंदच झाला. म्हटलं, चला, पहिली माती आपल्या हातानं लागणार.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते आणि इथंही सांगते. वडील यवतमाळात ऑटो चालवायचे, आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. मी बी.ए. केलं, मग बी.पी.एड. केलं, तेव्हा काका म्हणाले होते, "शिट्टी वाजवायले डिग्री लागते काय वं?" मी म्हटलं, "लागते. कधी वाजवायची अन् कधी नाही, ते शिकाले दोन वर्षं जातात." आता राळेगाव तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवते. यवतमाळहून एस.टी.नं जाणं-येणं करते.

शाळेचं मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात त्या मातीत धावणं म्हणजे प्रत्येक पावलाला चप्पलभर चिखल उचलणं. पण कुंपणाच्या कडेनं मुरूम टाकलेला एक लांब पट्टा होता. तिथं पाणी थांबत नव्हतं. तोच आमचा ट्रॅक.

अडथळा शर्यत शिकवायची असं मी ठरवलं, कारण तालुक्यात त्या शर्यतीला मुलीच नसतात. शंभर मीटरला रांगा लागतात, अडथळ्याला दोघी-तिघी. ज्या येतात त्यासुद्धा धावत येऊन अडथळ्यासमोर थबकतात, उडी मारतात, पुन्हा धावू लागतात. ती अडथळा शर्यत नव्हे. ती धावण्यात अडकलेली उडी आहे. मला मुलींना ही एकच गोष्ट शिकवायची होती. अडथळा उडून जायचा नसतो, धावत जायचा असतो.

म्हणून सुरुवात अगदी बुटक्या कोनांपासून केली. घोट्याएवढे कोन, ओळीनं. वरून नुसतं धावत जायचं. उडीचं नावच काढायचं नाही. दोन दिवस हे केल्यावर उंची थोडी वाढवायची होती, म्हणून मी दोन मोठ्या कोनांवर शाळेतले खराटे आडवे टाकले. शिट्टी वाजवली. एकही मुलगी हलली नाही.

"काय झालं?"

"मॅडम, खराटा ओलांडत नसते," एक म्हणाली.

"लक्ष्मी असते," दुसरी म्हणाली.

मी तिसरीकडं वळले. ती आमच्याच समाजाची, विहाराजवळ राहणारी. म्हटलं, "तू तरी?"

"आमच्यात लक्ष्मी-फिक्ष्मी काही नाई मॅडम," ती म्हणाली, "पण आजी हाय."

सगळ्या हसल्या, मीही हसले. आजीपुढं माझंसुद्धा काही चाललं नसतं. खराटे परत गेले. ही आजीवाली मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी आणि तोंडानं सगळ्यात पुढं. तिनंच उपाय काढला. "मॅडम, पराटी आणू का? घरी जळतणाची लय पडली हाय."

पराटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. वेचा संपला की शेतकरी ती उपटतात आणि चुलीसाठी रचून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सहा-सात जणी एकेक मोळी घेऊन आल्या. मी एक काडी दोन कोनांवर आडवी ठेवली आणि माझ्या लक्षात आलं की बाजारात याहून चांगली वस्तू मिळणार नाही. पराटीला फुटवे असतात, त्यात कोनाचं टोक बरोबर अडकतं, काडी घरंगळत नाही. पाय लागला तर पडते, नाही तर कडकन मोडते. लागत काही नाही. आणि मोडली तर चुलीत जायचीच होती.

मग आमचं खरं काम सुरू झालं. मी तीन रांगा मांडल्या. एकीत कोनांमधलं अंतर कमी, दुसरीत थोडं जास्त, तिसरीत आणखी जास्त. ज्या रांगेत दोन काड्यांमध्ये तीन पावलं सहज बसतात, ती तुझी रांग. उंच मुलगी लांब अंतराच्या रांगेत, बुटकी जवळच्या. कोणी कोणाला हसायचं नाही. तीनच पावलं का, तर पाय बदलत नाही. ज्या पायानं पहिली काडी पार केली, त्याच पायानं दुसरी, त्याच पायानं तिसरी. चार पावलं पडली की दुसरा पाय पुढं येतो, आणि नवशिक्या मुलीचा तो दुसरा पाय बावचळतो.

ताल धरायला आजीवालीनं डब्याचं झाकण आणलं. काडीपलीकडं पाय टेकला की एक जोरात, मग तीन बारीक. धाड, टक टक टक. धाड, टक टक टक. शेवटच्या टकेला पाय जमीन ढकलतो आणि मुलगी पुन्हा काडीवर. थोड्याच दिवसांत मुली तो ताल जेवणाच्या सुट्टीत बाकांवर वाजवू लागल्या. मुख्याध्यापक सर खोलीतून बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, अडथळे मैदानात ठेवा, माझ्या कानात नको."

पुढचा पाय आणि मागचा पाय मी वेगवेगळे शिकवले. पुढच्या पायाला आधी गुडघा वर, मग नडगी समोर, आणि काडी ओलांडताच पाय झटकन खाली जमिनीवर. बाजूनं फिरवून आणायचा नाही, सरळ नाकासमोर. मागच्या पायासाठी कुंपणाची भिंत वापरली. भिंतीपुढं थोडं अंतर सोडून कोन, त्यावर काडी. मुलीनं काडीच्या एका टोकाशी उभं राहायचं, दोन्ही हात भिंतीला टेकवायचे आणि फक्त मागचा पाय टोकावरून आणायचा. गुडघा बाहेर उघडायचा, टाच मांडीजवळ, पाऊल वर वळलेलं, मग गुडघा काखेखालून पुढं छातीसमोर. आणि तिथं पोचल्यावर लगेच टाकून द्यायचा नाही, नाहीतर पुढचं पाऊल तोकडं पडतं. आजीवाली म्हणाली, "मॅडम, हे त कुत्र्यासारखं झालं, विजेच्या खांबापाशी." मी म्हटलं, "बरोब्बर तसंच. लाज सोड अन् कर."

आता त्या मुलीबद्दल, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

आठवीतली. लांब पायांची, शांत. पहिल्या दिवशी ती रांगेत उभी नव्हती, कुंपणाशी बसून बघत होती. धावायला सांगितलं तर धावली, आणि अशी धावली की मी शिट्टी तोंडातच विसरले. पण कोनाजवळ जाईना. का म्हणून विचारलं तर सलवार वर करून तिनं नडगी दाखवली. हाडावर लांब, पांढरा व्रण.

मी यायच्या आधीच्या वर्षी शाळेनं लोखंडी अडथळे आणले होते. तिनं हौसेनं धावून बघितलं, पाय वरच्या आडव्या पाटीला लागला, अडथळा जागचा हलला नाही आणि ती तोंडावर पडली. तेव्हापासून गावात तिचं नाव 'धडपडी' पडलं. आईनं बजावलं होतं, पुन्हा असं काही केलं तर मैदान बंद, शाळा सुटली की सरळ शेतात.

मी आईला निरोप पाठवला, तर तिचा उलटा निरोप आला. "काड्यावरून धावते त धावू द्या. थ्या लोखंडावर एकदा जरी पडली, त पुन्यांदा दिसणार नाई तुमाले." म्हणजे मुलीकडं एकच संधी होती, आणि ती तिला माहीत होती. ती रोज सगळ्यांच्या आधी मुरमावर यायची आणि काड्या मांडायची.

पण एक अडचण होती, आणि ती मला उकलेना. मुलगी काड्यांवरून पक्ष्यासारखी जायची, एकही काडी कधी पडली नाही. बाकीच्या रोज आठ-दहा मोडायच्या. बघणाऱ्याला वाटावं ही सगळ्यात चांगली. पण डब्याचा ताल तिच्यापाशी कायम बिघडायचा. ती काडीच्या अगदी जवळ यायची, सरळ वर उचलली जायची, हवेत राहायची आणि मग दाणकन टाचेवर उतरायची. उतरल्यावर वेग गेलेला. त्यामुळं तीनऐवजी चार पावलं, मग दुसरा पाय, मग थबकणं. मी चुन्यानं रेघ मारली, लांबून पाय उचल म्हणून. एक-दोनदा ऐकलं, पुन्हा जवळ. शेवटी मी म्हटलं, "आजपासून जिच्या सगळ्या काड्या शाबूत राहतील, तिनं पिण्याचं पाणी भरायचं." पाणी रोज तिनंच भरलं.

मग एका रविवारी मी तिच्या शेतात गेले. मायलेकी खत देत होत्या. कापूस कमरेपर्यंत आलेला, पात्या, म्हणजे कळ्या, आणि फुलं धरलेली. मला बघून मुलगी पलीकडच्या दोन ओळींमधल्या तासातून निघाली. एकेका ओळीपाशी यायची, झाडाला अगदी चिकटून उभी राहायची, दोन झाडांमधली बुटकी जागा बघायची, पाय पोटाशी घेऊन उंच उचलायची आणि पलीकडं हळूच ठेवायची. एक पान हललं नाही. तरी तिची आई ओरडलीच, "अवं पाहून! फांदी मोडशीन! एका फांदीले किती बोंडं येते माहीत हाय ना?"

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होते ती तिथंच हसायला लागले. सगळं कोडं समोर उलगडलं होतं. मी तिला ओलांडायला शिकवत होते, पण ते ती कधीच शिकून बसली होती. पायानं चालायला लागल्यापासून तिला एकच शिकवलं गेलं होतं, की झाडाला स्पर्श करायचा नाही. आणि मी काडी ठेवली होती ती कापसाचीच.

"काहून हासून राह्यल्या?" आईनं विचारलं. बाई काटक, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलणं सरळ. मी सांगितलं. तुमची पोरगी अडथळा मोडायला भिते म्हणून हळू होते, असं म्हटलं.

"मोडायले भिते त चांगलंच हाय की."

"इथं चांगलं. शर्यतीत नाही. शर्यतीत पाय लागून अडथळा पडला तरी चालते. मुद्दाम नाही पाडायचा, पण पडला तर बाद करत नाहीत."

"पडते?" बाई हातातलं घमेलं खाली ठेवून म्हणाली. "थे लोखंड? मंग मागच्या साली काहून नाई पडलं? माया पोरीची नडगी फुटली, पण थे नाई पडलं."

हे मलाही बघायचं होतं. मी म्हटलं, "उद्या या शाळेत."

ती आली. सोमवारी सकाळी, कामाला जायच्या आधी. मी खोलीतून ते लोखंडी अडथळे काढायला लावले. मुलांनी ते आणून जसे नेहमी ठेवायचे तसे ठेवले, आणि मला दिसलं. अडथळ्याला दोन लांब पाय असतात, एकाच बाजूला जमिनीवर पसरलेले. ते पाय धावत येणाऱ्याकडं असायला हवेत. मग वरच्या पाटीला धक्का लागला की अडथळा पुढं, पळणारा जातो त्याच दिशेनं पडतो. मुलांनी ते पलीकडं केले होते.

"असे का ठेवले?" मी विचारलं.

"असे ठेवले की पडत नाई मॅडम," एकजण अभिमानानं म्हणाला. "तसे ठेवले त घडी घडी पडते. पोट्टे हात लावते अन् पडते. म्हणून आमी उलटेच ठेवतो."

वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. आपल्याकडं वस्तू टिकली पाहिजे, उभी राहिली पाहिजे. कोणालाही तेच सुचलं असतं.

मी एक अडथळा फिरवून नीट ठेवला, एक तसाच उलटा राहू दिला आणि त्या बाईला म्हटलं, "ढकला." तिनं आधी उलट्याची पाटी ढकलली. अडथळा जागेवर. अंग टाकून ढकललं, तरी जागेवर. मग सुलट्याकडं आली. नुसता तळवा टेकवला आणि तो खडखड करत आडवा झाला. बाई दचकून मागं सरली, मग पुन्हा उभा करून पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा पाडला. मुलं हसत होती, ती हसत नव्हती.

"म्हणजे," ती पोरीकडं वळून म्हणाली, आणि आवाज एकदम मोठा झाला, मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल एवढा, "म्हणजे माई पोरगी धडपडी नव्हती! थेच उलटं होतं!"

मुलगी मान खाली घालून उभी होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

"आता जा," आई तिला म्हणाली. "मोड थ्या काड्या. मी पाहतो."

मी रेघ मारली, काड्या मांडल्या, आजीवालीनं झाकण धरलं. पहिल्या काडीवर मुलगी सवयीप्रमाणं उंच गेली. "खाली वं!" आई ओरडली. "खाली जाऊ दे!" दुसऱ्या वेळी ती लांबून उचलली गेली, अंग पुढं वाकलं, गुडघा गेला, नडगी गेली आणि मागच्या पायाच्या घोट्याला लागून काडी कडकन मोडली. ती क्षणभर थांबली. आईकडं पाहिलं. आईनं नुसता हात हलवला, जा म्हणून. मग मात्र पोरगी थांबली नाही. धाड, टक टक टक. कड. धाड, टक टक टक. कड. त्या सकाळी तिनं माझी अर्धी मोळी संपवली. पाणी भरायला दुसरीला जावं लागलं.

पुढचं सगळं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. मोडणं जमल्यावर न मोडता काडीच्या जरासंच वरून जाणं आपोआप जमू लागलं. आधी काडी आणि पाय यांच्यात हातभर जागा राहायची, मग वीतभर, मग बोटभर. काड्यांवरून आम्ही लोखंडी अडथळ्यांवर आलो, सगळ्यात खालच्या उंचीला, सुलटे ठेवून. अंतर हळूहळू शर्यतीएवढं केलं. पहिल्या दिवशी लोखंडाला पाय लागला तेव्हा ती पांढरी पडली. पण लोखंड पडलं, ती उभी राहिली. तिनं मागं वळून पडलेल्या अडथळ्याकडं असं पाहिलं, जसं कोणी जुनं भांडण मिटल्यावर पाहतं.

तालुक्याच्या स्पर्धेला आई आली. कापूस फुटायला लागला होता, मजुरीचा दिवस मोडून आली. भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन धावपट्टीच्या कडेला बसली. मी शर्यतीआधी सगळ्या रांगांमधून चालत गेले आणि प्रत्येक अडथळ्याचे पाय पाहिले. सगळे सुलटे होते. वळले, तर माझ्या मागं ती मुलगीही तेच पाहत चालली होती.

ऐंशी मीटर, आठ अडथळे, पाच मुली. शिट्टी झाली. पहिल्या अडथळ्यापर्यंत ती तिसरी होती. दुसऱ्यावर दुसरी. मला डब्याचा ताल कानात ऐकू येत होता, आणि बाजूला आजीवाली खरोखरच मांडीवर वाजवत होती. पाचव्या अडथळ्यापाशी ती पहिलीच्या बरोबरीला आली आणि तिथंच मागचा पाय थोडा खाली राहिला, घोटा पाटीला लागला, अडथळा मोठा आवाज करून आडवा झाला.

लोखंडावर पाय आदळल्याचा हाच तो आवाज, ज्यानं ती वर्षभर कुंपणाशी बसली होती.

"पडू दे!" बाई उभी राहून किंचाळली, भाकर खाली पडली. "पडू दे थ्याले! तू धाव!"

तिनं मागं पाहिलं नाही. एक पाऊल तिरकं पडलं, दुसरं सरळ, तिसऱ्यानं जमीन ढकलली. ताल तुटला नाही. पुढचा पाय तोच, नेहमीचा. सहावा. सातवा. शेवटच्या अडथळ्यावरून ती अशी उतरली की उतरली हे कळलंच नाही, ती फक्त धावत होती. दुसरी मुलगी हातभर मागं राहिली.

मी ओरडले, उड्या मारल्या, पदवीधर बाईनं मैदानात जे करू नये ते सगळं केलं. आजीवाली माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मॅडम, खराट्यावरून असतं त झालं नसतं!" आणि मुलगी धापा टाकत सरळ आईकडं आली. आईनं आधी तिची सलवार वर करून नडगी पाहिली. काही नव्हतं. मग तिला जवळ घेतलं. मग आजूबाजूच्या सगळ्यांना, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही सांगितलं, "पडलं न, तरी थांबली नाई. पाह्यलं न तुमी?"

परतीच्या एस.टी.त पदक कधी मुलीच्या गळ्यात होतं, कधी आजीवालीच्या, आणि थोडा वेळ कंडक्टरच्या हातात. मुलीची आई खिडकीबाहेरचा कापूस बघत होती. मग तिनं मला विचारलं, "थे पडलेलं उभं कोन करते?"

"तिथले लोक असतात."

"बरं हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुरमावर गेले, तर मुलगी माझ्या आधी हजर. पायाशी पराटीचा एवढा मोठा भारा, की तिला तो डोक्यावर आणताना मान वाकडी करावी लागली असेल. मी म्हटलं, "हे काय, चुलीचं सगळं जळतण आणलंस?"

"मायनं पाठवलं," ती दोरी सोडत म्हणाली. "म्हणे, जिल्ह्यापर्यंत मोडायले इतकी पुरते का, मॅडमले विचार."